कड कापलेला तारानकाशा

पुस्तकांची परीक्षणे येतात, प्रयोगसंचांचीही येतात. पण शाळांमधून हातोहात फिरणाऱ्या तारानकाशांचे परीक्षण कोणी करत नाही. नकाशा म्हणजे नकाशा, त्यात काय बघायचे, असा एक समज आहे. नालासोपारा पूर्वेला तुळिंजमधल्या एका शाळेच्या आकाशनिरीक्षण मंडळाने वापरलेला नकाशा आमच्याकडे आला तेव्हा तो तसा मुळीच नव्हता. छापील नकाशाचे मोबाइलवर घेतलेले छायाचित्र, ते पुढे दोन-तीन हातांतून फिरलेले, आणि शेवटी दुकानातून ए-फोर कागदावर छापून आणलेले, असा त्याचा प्रवास. वर ठळक अक्षरांत '१५ फेब्रुवारी, रात्री ९ वाजताचे आकाश' असे लिहिलेले. काळी तबकडी, पांढरे ठिपके, ठिपके जोडणाऱ्या रेषा, मराठी नावे आणि कडेने चार दिशा. दिसायला देखणा. मंडळाच्या शिक्षकांची तक्रार एवढीच होती की मुलांना यावरून आकाशात काही सापडत नाही.

हा नकाशा आम्ही पट्टी आणि पेन्सिल घेऊन तपासला. तो टाकाऊ नाही; त्यातले तारकासमूह नीट काढलेले आहेत. बिघाड आहे तो कडेला. तारानकाशाचा आतला भाग, म्हणजे कोणता तारा कोणत्या ताऱ्यापासून किती आणि कुठे, हा तुळिंजला आणि टोकियोला सारखाच असतो. पण नकाशाची गोल कड म्हणजे क्षितिज, आणि क्षितिज हे एका ठिकाणाचे आणि एका वेळेचे असते. कोणत्या अक्षांशासाठी, कोणत्या घड्याळाप्रमाणे, किती प्रतीपर्यंतचे तारे, हा मजकूर छापील नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. छायाचित्र घेणाऱ्याने चौकट सुबक बसवण्याच्या नादात नेमका तोच मजकूर बाहेर ठेवला. सुदैवाने यातले बरेचसे नकाशातूनच परत काढता येते.

प्रथम दिशा. या नकाशात उत्तर वर, दक्षिण खाली, उजवीकडे पूर्व आणि डावीकडे पश्चिम लिहिली आहे. भूगोलाच्या नकाशात असेच असते, म्हणून कोणाला खटकले नाही. पण जमिनीचा नकाशा आपण वरून खाली बघतो आणि आकाशाचा खालून वर. उत्तरेला डोके करून गच्चीवर उताणे झोपले की डावा हात पूर्वेला जातो. म्हणून तारानकाशात उत्तर वर असेल तर पूर्व डावीकडेच हवी. आमचा अंदाज असा की मूळ नकाशात ती डावीकडेच होती. मराठी नावे घालताना कोणीतरी ती 'चूक' दुरुस्त केली असावी.

इथे घाईने निकाल देऊ नये, कारण अशा कागदात दोन वेगळ्या चुका संभवतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. एक, चित्र बरोबर पण दिशांची अक्षरे अदलाबदल झालेली. दोन, चित्रच आरशातल्यासारखे उलटलेले. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र पुष्कळदा उलटे साठवले जाते, आणि पारदर्शिका पालथी ठेवली तरी तेच होते. नावे नंतर घातली असतील तर अक्षरे सरळ दिसतात आणि त्यांच्यावरून काही कळत नाही. तेव्हा ताऱ्यांनाच विचारावे, आणि त्यासाठी मृगासारखा साक्षीदार नाही. उत्तर वर ठेवून पाहिले तर मृगाच्या चौकोनाचा वरचा डावा कोपरा काक्षी, हा तांबूस. खालचा उजवा कोपरा राजन्य, हा निळसर पांढरा. पोटातल्या बाणाची तीन ताऱ्यांची रेषा डावीकडे खाली वाढवली की व्याध येतो आणि उजवीकडे वर वाढवली की रोहिणी. चित्र उलटे असेल तर काक्षी वर उजवीकडे जाईल आणि व्याध खाली उजवीकडे. मग कागद कितीही फिरवला तरी तो आकाशाशी जुळणार नाही, कारण डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात नुसता फिरवून बसत नाही.

आमच्या कागदावर काक्षी डावीकडे आहे आणि व्याधही डावीकडे. म्हणजे चित्र सरळ आहे आणि फक्त दोन शब्द खोडून अदलाबदल करायचे आहेत. दोन शब्दांची चूक, पण तिने काय होते ते बघा. या नकाशात व्याध जवळजवळ दक्षिणोत्तर रेषेवर आहे आणि मृग त्याच्या उजवीकडे. उजवीकडे 'पूर्व' लिहिलेले असल्याने मृग व्याधाच्या पूर्वेला ठरतो, म्हणजे तो व्याधानंतर उगवायला हवा. प्रत्यक्षात मृग आधी वर येतो आणि व्याध त्याच्या मागून येतो; शिकाऱ्याने हरणाचा पाठलाग करावा तसा. नकाशावर विश्वास ठेवणारा मुलगा मृग अजून वर चढेल म्हणून वाट पाहत बसतो, आणि तो मात्र पश्चिमेकडे उतरत जातो. मंडळाच्या मुलांपैकी एकीने हे बरोबर टिपले होते. तिने वहीत लिहिले होते की मृग 'उलटा चालतो'. निरीक्षण अगदी बरोबर होते. उलटी होती ती नकाशाची अक्षरे.

मैदानावर दिशा ठरवण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तुळिंजला रेल्वेमार्ग पश्चिमेला आहे, आणि विरारकडे उत्तर, वसईकडे दक्षिण हे मुलांना पाठ असते. ढोबळ मानाने ते ठीक आहे. परंतु या भागात रूळ उत्तरेकडे जाताना बरेच पश्चिमेला झुकतात, त्यामुळे रुळांना समांतर उभे राहून मिळणारी उत्तर खऱ्या उत्तरेपासून दहा अंशांहूनही अधिक ढळू शकते. होकायंत्राची सुई आपल्या भागात खऱ्या उत्तरेपासून एक अंशही ढळत नाही, ही मोठी सोय आहे. मात्र गच्चीच्या स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या, पाण्याच्या टाकीचा सांगाडा आणि मोबाइलच्या कव्हरमधले चुंबक तिला सहज फसवतात. गच्चीवर दोन-तीन जागी उभे राहून सुई एकच दिशा दाखवते का ते पाहावे. न दाखवल्यास तिथे होकायंत्र वापरू नये.

आता अक्षांश. तळाचा मजकूर गेला तरी अक्षांश नकाशावर लिहिलेला असतोच, तो ध्रुवताऱ्याच्या रूपाने. एखाद्या ठिकाणाहून ध्रुव क्षितिजाच्या जितके अंश वर दिसतो, तितका त्या ठिकाणाचा अक्षांश. फरक पडलाच तर जास्तीत जास्त पाऊण अंशाच्या आत. तुळिंजचा अक्षांश १९ अंश २५ कला उत्तर, म्हणजे जवळजवळ साडेएकोणीस अंश. मग या नकाशावर ध्रुव किती उंचीवर आहे ते मोजले की झाले.

मोजण्याआधी एक अडचण दूर करावी लागली. छायाचित्र तिरक्या कोनातून घेतलेले असल्याने वर्तुळ वर्तुळ राहिलेले नाही. आडवा व्यास १६ सेंटिमीटर भरला आणि उभा १५. अशा वेळी आडव्या आणि उभ्या मोजमापांची गल्लत करू नये. ध्रुव आणि व्याध दोन्ही उभ्या रेषेच्या जवळ असल्याने आम्ही फक्त उभे माप घेतले. मध्यावर अधिक चिन्हाने खमध्य, म्हणजे बरोबर डोक्यावरचा बिंदू, दाखवला आहे. खमध्यापासून कडेपर्यंत साडेसात सेंटिमीटर, आणि हे अंतर ९० अंशांचे. नकाशात अंश समान अंतराने मांडले असतील तर एक सेंटिमीटर म्हणजे १२ अंश.

पण ते समान अंतराने मांडले आहेत कशावरून? काही नकाशांत कडेजवळचे आकाश मध्यापेक्षा ताणलेले असते. यासाठी ज्यांच्यामधले खरे अंतर माहीत आहे असे दोन तारे घ्यावेत. ध्रुव आणि व्याध यांच्यात आकाशात सुमारे १०७ अंश आहेत, मग पाहणारा पृथ्वीवर कुठेही असो. आमच्या कागदावर हे अंतर ८.९ सेंटिमीटर भरले. त्याला १२ ने गुणले की १०६.८ अंश. जुळले. अंश समान मांडलेले आहेत अशी खात्री झाली, आणि छायाचित्राच्या तिरकेपणामुळे उभ्या दिशेत फार मोठी गडबड झालेली नाही हेही कळले.

ध्रुव खमध्यापासून ४.१ सेंटिमीटर वर आहे. म्हणजे ४९ अंश दूर, म्हणून क्षितिजापासून ४१ अंश वर. मोजमापात एक-दोन अंशांची चूक धरली तरी हा नकाशा चाळीस अंशांच्या आसपासचा आहे. माद्रिद, न्यूयॉर्क, बीजिंग ही शहरे त्या पट्ट्यात येतात. तुळिंजसाठी काढलेल्या नकाशात ध्रुव खमध्यापासून ५.९ सेंटिमीटर, म्हणजे कडेपासून जेमतेम १.६ सेंटिमीटर आत असायला हवा होता. इथे तो कडेपासून ३.४ सेंटिमीटर आत आहे. परदेशी नकाशावर मराठी नावे चिकटवली आहेत याला आणखी पुराव्याची गरज नाही. तरी एक आहेच: नकाशात अगस्त्य नाही.

हा न दिसणारा तारा आमच्या मते या नकाशावरचा सर्वांत मोठा आरोप आहे. अगस्त्य हा व्याधाखालोखाल आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तो खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ५२.७ अंश दक्षिणेला आहे. चाळीस अंशांवरून तो क्षितिजावर येतच नाही. अडीच-तीन अंश खालीच राहतो. तुळिंजला तो जास्तीत जास्त १८ अंशांपर्यंत वर येतो. १५ फेब्रुवारीला हे घडते रात्री ९ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास, म्हणजे नकाशाच्या वेळेच्या अगदी जवळ. त्या रात्री दक्षिणेला व्याधाच्या बऱ्याच खाली एक ठळक तारा असतो आणि नकाशात त्याचे नावच नाही. मुलांनी तो ग्रह ठरवला, काहींनी विमान. दक्षिणेचा एकूण वीस अंशांचा पट्टा या नकाशातून गायब आहे. कागदावर मोजायचा तर जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर. उलट उत्तरेला कालेय समूहाचे डोके क्षितिजाला टेकलेले दाखवले आहे, जे त्या वेळी तुळिंजहून क्षितिजाच्या बरेच खाली असते. अगस्त्य दिसणे हे दक्षिणेकडच्या लोकांचे भाग्य आहे. आपल्या मुलांच्या हातात तो नसलेला नकाशा द्यावा हे आम्हाला खरोखर वाईट वाटले.

अगस्त्य दिसण्यासाठी दक्षिण क्षितिज किती मोकळे हवे याचाही हिशेब करून पाहावा. हात ताठ पुढे केला की वळलेली मूठ सुमारे दहा अंशांचा कोन झाकते. अगस्त्याची उंची दोन मुठींपेक्षा थोडी कमी. सात मजली, म्हणजे साधारण २१ मीटर उंच इमारत तुमच्या दक्षिणेला असेल तर तिच्यापासून ६५ मीटरांहून दूर उभे राहायला हवे, नाहीतर अगस्त्य तिच्यामागे जाईल. तुळिंजच्या दाट वस्तीत जमिनीवरून हे क्वचितच साधते. शाळेच्या गच्चीवरून मात्र इमारतीची उरलेली उंचीच मोजायची असल्याने काम सोपे होते.

वेळेची गोष्ट थोडक्यात सांगता येईल, पण ती सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. असे नकाशे बहुधा स्थानिक वेळेसाठी काढलेले असतात, म्हणजे जिथे सूर्य सरासरीने बारा वाजता दक्षिणोत्तर रेषेवर येतो त्या घड्याळाप्रमाणे. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचे आहे आणि तुळिंज आहे ७२ अंश ५० कलांवर. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने ३९ मिनिटांचा फरक पडतो. नकाशावरचे 'रात्री ९' तुळिंजच्या घड्याळात ९ वाजून ३९ मिनिटांनी येतात. बरोबर नऊला गच्चीवर गेले तर व्याध दक्षिणोत्तर रेषेवर नसतो. तिथे मृगातला काक्षी नुकताच येऊन गेलेला असतो. व्याध येतो साधारण ९ वाजून ४३ मिनिटांनी. मुलांना रात्री नऊलाच बोलवायचे असेल तर नकाशा दहा दिवस उशिरा वापरावा. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर येतात, त्यामुळे २५ फेब्रुवारीला नऊ वाजता आकाश नेमके या नकाशासारखे फिरलेले असते. याच कारणाने 'महाराष्ट्राचे आकाश' असे नुसते लिहिणेही पुरे नाही: नागपूरला जे आकाश नऊला दिसते ते तुळिंजला ९ वाजून २५ मिनिटांनी.

आता ठिपक्यांकडे वळू. सूचीनुसार मोठा ठिपका म्हणजे तेजस्वी तारा. ही सूची सुदैवाने कापली गेलेली नाही. 'पाच प्रतीपर्यंतचे तारे' असे तीत म्हटले आहे. प्रत जितकी लहान तितका तारा तेजस्वी, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक. एका प्रतीला साधारण अडीचपट. व्याधाची प्रत उणे दीड आणि मृगाच्या बाणातल्या पश्चिमेकडच्या ताऱ्याची सव्वादोन. फरक ३.७ प्रतींचा, म्हणजे व्याध त्याच्या तीसपट तेजस्वी दिसतो. कागदावर व्याधाचा ठिपका ४ मिलिमीटर व्यासाचा आणि या ताऱ्याचा २ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळात फक्त चारपट. हा नकाशा काढणाऱ्याचा दोष नव्हे. तीसपट मोठा ठिपका काढला असता तर त्याने शेजारचे तारे गिळले असते. ठिपक्याचा आकार फक्त क्रम सांगतो, तेजाचे प्रमाण नाही, आणि ताऱ्याचा खरा आकार तर मुळीच नाही. शेवटची गोष्ट वर्गात मुद्दाम सांगावी लागते, नाहीतर व्याध हा काक्षीपेक्षा मोठा तारा असे मुले लिहितात. काक्षी व्याधाच्या शेकडो पट व्यासाचा आहे. तो फार दूर आहे एवढेच.

छायाचित्रात हा क्रमही ढळतो. काळ्या पार्श्वभूमीवरचे पांढरे ठिपके कॅमेऱ्यात पसरतात, त्यामुळे मोठे ठिपके एकमेकांसारखे होतात. लहान ठिपके छपाईच्या काळ्या शाईत बुडतात. आमच्या कागदावर चौथ्या प्रतीच्या पलीकडचे तारे जवळजवळ नाहीतच, आणि मृगाच्या डोक्याकडचे तीन मंद तारे एक पुसट डाग होऊन बसले आहेत. उलट काही ठिकाणी असे कण दिसतात जे तारे नाहीत. मूळ कागदावरची धूळ, किंवा दिव्याची चकाकी. खरा तारा आणि धूळ ओळखायला एकच उपाय: त्याच भागाचा दुसरा, वेगळ्या उगमाचा नकाशा शेजारी ठेवणे. त्याच छायाचित्राच्या दुसऱ्या प्रतीने काही सिद्ध होत नाही.

मंद तारे गेल्याचे दुःख तुळिंजला फारसे करायला नको. दक्षिणेला वसईपासून मुंबईपर्यंतचा उजेड आणि खाली रस्त्यावरचे दिवे यांनी तिथले आकाश आधीच धुऊन निघालेले असते. तुमच्या गच्चीवरून कोणत्या प्रतीपर्यंत दिसते ते याच मृगावरून ठरवता येते. बाणातले तीन तारे, प्रत पावणेदोन ते सव्वादोन, सहज दिसतात. मग डोक्याकडे पाहावे. तिथल्या तिघांतला ठळक तारा सुमारे ३.४ प्रतीचा आणि उरलेले दोन चार ते साडेचार प्रतीचे. एकच दिसला तर तुमची मर्यादा साडेतीनच्या आसपास. तिन्ही दिसले तर साडेचार. एकही नाही, तर नकाशातले तिसऱ्या प्रतीपर्यंतचेच तारे मुलांसाठी ठेवावेत आणि बाकीचे काळ्या पेनाने झाकून टाकावेत. जे दिसणारच नाही ते शोधायला लावून मुले कंटाळतात. आणखी एक सूक्ष्म परीक्षा: नकाशात बाणाचे तिन्ही ठिपके सारखे आहेत, पण आकाशात पश्चिमेकडचा तारा बाकीच्या दोघांपेक्षा अर्ध्या प्रतीने मंद आहे. हे न सांगता ज्याच्या लक्षात येईल तो निरीक्षक खरा.

दोन ताऱ्यांच्या बाबतीत ठिपक्यावर विसंबू नये. अगस्त्य नकाशात असता तर उणे पाऊण प्रतीचा मोठा ठिपका मिळाला असता. पण १८ अंश उंचीवरून त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने तिप्पट हवेतून येतो, आणि आपल्या किनारपट्टीच्या धुरकट हवेत तो अर्धी-पाऊण प्रत तरी मंद दिसतो. दुसरा काक्षी. तो मुळातच चंचल आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तो सुमारे १.६ प्रतीपर्यंत उतरला होता आणि मृगाचा चौकोन ओळखीचा वाटत नव्हता. कोणत्याही छापील ठिपक्याला हे दाखवता येणार नाही.

पण ज्या ठिपक्याने सर्वांत जास्त नुकसान केले तो ध्रुवाचा. कोणीतरी तो पांढऱ्या शाईने गिरवून व्याधाएवढा केला आहे. महत्त्वाचा तारा म्हणून मोठा! ध्रुवाची प्रत दोन आहे, म्हणजे बाणातल्या ताऱ्यांसारखाच मध्यम. आता तिन्ही चुका एकत्र येतात. नकाशाप्रमाणे मुले उत्तरेला चार मुठी उंचीवर एक अतिशय ठळक तारा शोधू लागतात. तिथे त्या वेळी ठळक असे काहीच नसते. नजर आपोआप आणखी वर सरकते आणि सहा मुठींवर खरोखरच एक झगझगीत तारा सापडतो. तो ब्रह्महृदय, त्याची प्रत जवळजवळ शून्य. तुळिंजच्या मंडळातल्या बहुतेक वह्यांत ध्रुव म्हणून ज्याची खूण केली आहे तो ब्रह्महृदयच आहे, आणि त्यावरून मग सगळ्यांची उत्तर दिशा ठरली आहे. खरा ध्रुव दोनच मुठींवर, समोरच्या इमारतींच्या गच्चीच्या थोडा वर असतो. दोन्हींतला फरक ओळखायला घड्याळ पुरते. इमारतीच्या कोपऱ्याशी तारा जुळवून एका जागी उभे राहावे आणि एक तासाने तिथेच परत यावे. ब्रह्महृदय पश्चिमेकडे सरकलेला असतो; ध्रुव होता तिथेच.

एक शेवटचा ठिपका राहिला. रोहिणीच्या वर, अगदी जवळ, 'गुरू' लिहिलेला मोठा ठिपका आहे. ग्रह तारानकाशात छापला की तो नकाशा एका वर्षापुरता होतो, आणि वर्षाचा आकडा छायाचित्रात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुरू रोहिणीच्या उत्तरेला वृषभेत होता, आणि त्याआधी बारा वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०१३ मध्येही. म्हणजे मूळ नकाशा या दोनांपैकी एका वर्षाचा, किंवा आणखी जुना. १५ फेब्रुवारी २०२६ ला, महाशिवरात्रीला, चंद्र नसलेल्या आकाशात मुले गच्चीवर गेली तेव्हा गुरू मिथुनेत, डोक्याच्या थोडा पूर्वेला, व्याधाहूनही तेजस्वी होता, आणि रोहिणीजवळ काहीच नव्हते. हा ठिपका खोडून टाकावा. ग्रह दरवर्षी पंचांगात पाहून पेन्सिलने मांडलेले बरे.

मग या कागदाचे काय करायचे? मंडळाला आम्ही असे सुचवले. तबकडीच्या आतला, ध्रुवापासून व्याधापर्यंतचा भाग ठेवावा. तारकासमूहांची ओळख करून घ्यायला तो चांगला आहे. दिशांचे दोन शब्द बदलावेत, ध्रुवाचा ठिपका लहान करावा आणि गुरू खोडावा. कडेचे वर्तुळ क्षितिज नाही असे वर लिहून ठेवावे. क्षितिजासाठी मुंबईच्या अक्षांशाचा नकाशा मिळवावा. वरळीचे नेहरू तारांगण असो की तुळिंज, अक्षांशात अर्ध्या अंशाच्या आसपासचाच फरक आहे आणि तो मुठीच्या मापात कळणारही नाही. त्या नकाशाचे छायाचित्र घ्यायचे असेल तर कागद भिंतीला चिकटवून, कॅमेरा मध्यासमोर धरून, फ्लॅश बंद ठेवून घ्यावे, उभा आणि आडवा व्यास पट्टीने ताडून पाहावा, आणि तळाच्या बारीक अक्षरांच्या ओळी चौकटीत आल्या आहेत ना हे बटण दाबण्याआधी बघावे.